शीटमध्ये ११२, फळीवर ८१: मधले ३१ साबण गेले कुठे?

"ताई, बाबांचं गल्लीतलं किराणा दुकान दोन वर्षांपासून मी बघतोय. साधारण ७०० आयटम, पुढे पाच रॅक, मागे एक छोटी खोली. चार महिन्यांपूर्वी एक दिवस दुकान बंद ठेवून मी आणि आमच्याकडे काम करणाऱ्या दादांनी सगळा माल मोजला, रात्रीचे दोन वाजले, सगळं एक्सेलमध्ये भरलं. महिन्याभरात आकडे जुळेनासे झाले. अंगाच्या साबणाचा आकडा तर तीन आठवड्यांपूर्वी परत मोजून दुरुस्त केला होता, तरी आज शीटमध्ये ११२ आणि फळीवर ८१. टूथपेस्ट सारखी संपते आणि शाम्पूची खोकी पडून असतात. दादा बारा वर्षं आमच्याकडे आहेत, पण आता मनात नको ते येतंय आणि त्याचीच लाज वाटतेय. बाबा म्हणतात शीट बंद कर, डोळ्यांना दिसतं सगळं. नवीन सॉफ्टवेअर घेऊ का, की परत एकदा सगळं मोजू? शीट आणि साबणाची तीन आठवड्यांची बिलं सोबत पाठवतोय."
— आकड्यांत अडकलेला

आधी तो साबण सोडवू, कारण तुझ्या मनात जे आलंय ते तिथूनच आलंय.

तुझी बिलं मी एकेक करून बघितली. साबण म्हणून जेवढ्या ओळी आहेत त्यात ९ ओळी अशा आहेत की नग १ लिहिलाय पण किंमत चार साबणांच्या पॅकची लावलीय. म्हणजे गिऱ्हाईकाने चारचा पॅक नेला, बिलात भाव हाताने बदलला, पण शीटमधून वजा झाला एकच साबण. खरेदी मात्र तू सुट्या नगांत भरली आहेस, १८ पॅकचं खोकं आलं तेव्हा ७२ असं लिहिलंय, आणि ते बरोबरच आहे. आता बघ, ९ पॅक गेले म्हणजे ३६ साबण गेले, शीटने धरले ९. फरक २७. तुझी तूट ३१ ची आहे, राहिले ४. आणि चार म्हणजे बरोबर एक पॅक! तो कुठे गेला ते मला इथे बसून कळणार नाही, पण दादांकडे बघण्याआधी घरातल्या बाथरूममध्ये बघ आणि आईला विचार. दुकानातून घरी गेलेल्या वस्तू कोणीच लिहीत नाही, हे मी जवळजवळ प्रत्येक दुकानात बघितलंय.

मी स्वतः बरीच वर्षं दुकानांचे साठे लावून देण्याचं काम केलंय, तेव्हा हा धडा मलाही असाच मिळाला होता. फरक आला की आधी माणसाचा चेहरा डोळ्यासमोर येतो. येऊ दे, पण त्याआधी फरकाचा आकडा नीट बघायचा, कारण आकडा बरंच काही सांगतो. फरक बरोबर एका खोक्याएवढा असेल (२४ चं खोकं आणि २४ च कमी) तर बहुतेक एखादं खोकं आलंच नाही आणि बिलावरून खरेदी भरली गेली, किंवा खोकं मागे कुठेतरी दुसऱ्याच मालाखाली आहे. उलट शीटपेक्षा २४ जास्त निघाले तर आलेलं खोकं भरायचं राहिलं. एका शाम्पूत १२ कमी आणि शेजारच्या वासाच्या शाम्पूत १२ जास्त, तर काउंटरवर एकाच बाटलीचा कोड मारून दोन्ही विकल्या गेल्या. तुझी शाम्पूची खोकी पडून का आहेत त्याचं उत्तर मला इथेच दिसतंय, तुझ्या शीटमध्ये तिन्ही वासांना मिळून एकच ओळ आहे, त्यामुळे एक वास संपला की एकूण आकडा कमी दिसतो आणि तू तिन्ही वास मागवतोस. चोरीचा फरक वेगळा दिसतो. वस्तू लहान, महाग, खिशात मावणारी, तूट कधी २ कधी ३, कशाच्याही पटीत नाही, शेजारी कुठे जोडीचा वाढावा नाही, आणि नोंदी सुधारल्यावरही महिन्यामागून महिने तशीच चालू. तसं काही तुझ्या शीटमध्ये मला तरी दिसलं नाही.

तेव्हा तुझ्या दोन्ही प्रश्नांना आत्ता माझं उत्तर नाही असंच आहे. परत सगळं मोजलंस तर एक महिन्याने परत इथेच येशील, आणि सॉफ्टवेअर घेतलंस तर तेही चारच्या पॅकमधून एकच साबण वजा करेल, फक्त जरा जास्त ऐटीत. तुमच्या मोजण्यात चूक नव्हती रे, रात्री दोनपर्यंत दोघांनी नीटच मोजलं असणार. पण एक नग म्हणजे काय आणि तो राहतो कुठे, हेच ठरलेलं नव्हतं. ते आधी ठरवू.

कोडपासून सुरुवात कर. नियम एकच धर, गिऱ्हाईक जी वस्तू वेगळी म्हणून उचलतं आणि जिचा भाव वेगळा आहे तिला वेगळा कोड. सुटा साबण एक कोड, चारचा पॅक दुसरा कोड, शाम्पूचा प्रत्येक वास आणि प्रत्येक माप वेगळं. पॅक फोडून सुटे विकायची वेळ आली तर दोन नोंदी करायच्या, पॅक उणे १ आणि सुटे अधिक ४. कंटाळा येईल, पण दिवसातून दोन-तीनदाच होतं हे. यामुळे तुझे ७०० आयटम कदाचित ८०० होतील, घाबरू नकोस, वस्तू आधीपासून तेवढ्याच होत्या, तू त्या एका नावाखाली कोंबल्या होत्यास.

कोड मात्र साधा ठेव. चार आकडी, 1001 पासून पुढे, जसा आयटम येईल तसा पुढचा नंबर, त्यात काही अर्थ घालायचा नाही. लोकांना फार मोह होतो, पहिलं अक्षर कंपनीचं, मग वजन, मग रॅक नंबर... मीही एका दुकानात कोडमध्येच रॅकचा नंबर घातला होता, तीन महिन्यांनी मालकाने रॅक हलवले आणि अर्धे कोड खोटे पडले, मग महिनाभर मान खाली घालून ते निस्तरत बसले होते. जागा बदलते, भाव बदलतो, कंपनी वजन बदलते, म्हणून कोडने फक्त ओळखावं. शून्याने सुरुवात करू नकोस, एक्सेल पुढचा शून्य गिळतं. आणि एकदा बंद झालेल्या वस्तूचा नंबर नवीन वस्तूला देऊ नकोस, जुन्या नोंदी तिच्या गळ्यात पडतात.

मग पाकिटावरचा बारकोड कशाला आहे, असं म्हणशील. तो वापर की, पण वेगळ्या रकान्यात. कंपनीचा बारकोड सहसा १३ आकडी असतो आणि स्कॅनर असेल तर बिल करताना खूप काम वाचतं, पण कंपनीने पाकिटाचं वजन बदललं की बहुतेक वेळा बारकोडही बदलतो, आणि सुट्या मालाला तर तो नसतोच. स्वतः भरलेल्या पिशव्यांना बारकोड लावायचा असेल तर २ ने सुरू होणारे १३ आकडी नंबर दुकानाच्या आतल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, ते घे, म्हणजे कुठल्या कंपनीच्या मालाशी गफलत होणार नाही. आणि हो, बारकोडचा रकाना आधी टेक्स्ट करून घे आणि मगच भर, नाहीतर शेवटी E+12 असं काहीतरी दिसायला लागतं, आणि ती फाईल तशीच सीएसव्हीत सेव्ह केलीस की शेवटचे आकडे गेलेच म्हणून समज.

आता जागा. इथे बाबांच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यांना खरंच दिसतं, कारण कुठली वस्तू कुठे असते ते त्यांच्या डोक्यात पक्कं आहे. तुझ्या शीटला तेच माहीत नाही. रॅकना अक्षरं दे, A ते E, आणि मागच्या खोलीला G. मग फळीचा नंबर, पण तो खालून वर मोज, कारण उद्या फळी वाढली तर ती बहुतेक वर वाढते आणि खालचे नंबर तसेच राहतात. मग डावीकडून उजवीकडे कप्पा. B-3-2 म्हणजे बी रॅक, खालून तिसरी फळी, डावीकडून दुसरा कप्पा. प्रत्येक कप्प्याच्या कडेला जाड पेनाने चिठ्ठी चिकटव, आणि वस्तूचा कोडही तिथेच लिही, म्हणजे फळी रिकामी असली तरी इथे काय असायला हवं होतं ते कळतं. रिकामा कप्पा पसरून भरायची सवय सगळ्यांनाच असते ना, शेजारचा माल थोडा सरकवला की संपलेली वस्तू दिसेनाशी होते, चिठ्ठी असली की असं होत नाही.

प्रत्येक वस्तूला पुढे एकच जागा आणि मागे जास्तीत जास्त एकच. काउंटरपाशी तिसरी जागा करायचा मोह झाला तर तीही शीटमध्ये लिहायची, नाहीतर मोजताना तीच सुटते. आणि मागच्या खोलीसाठी एक नियम दादांना सांग, एका वस्तूचं एका वेळी एकच खोकं उघडं, आणि उघडलं की त्याच्यावर मार्करने मोठी फुली. मग मोजताना बंद खोकी नुसती मोजायची आणि त्यातले नग गुणायचे, हात घालून मोजायचं ते फक्त फुलीवालं. अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत होतं.

आता शीट. सध्या तू शिल्लक आकड्यावरच रोज नवीन आकडा लिहितोस, त्यामुळे ११२ कुठून आले हे शोधायला बिलं काढावी लागली. तसं करू नकोस. Items नावाची एक शीट ठेव, प्रत्येक कोडला एक ओळ. दुसरी Moves, त्यात तारीख, कोड, नग आणि कारण असे चारच रकाने. माल आला की अधिक, विकला की उणे, फुटला, मुदत संपली, घरी नेला तरी उणे. विक्री गिऱ्हाईकागणिक भरायची गरज नाही, रात्री बिलांवरून त्या दिवसाची एका कोडची एकच ओळ पुरे. Items मध्ये A रकान्यात कोड, F मध्ये शिल्लक, G मध्ये मागवलेला पण अजून न आलेला माल, H मध्ये ऑर्डरची पातळी. मग हे दोन फॉर्म्युले F2 आणि I2 मध्ये टाकून खाली ओढ.

```
F2: =SUMIFS(Moves!C:C, Moves!B:B, A2)
I2: =IF(F2+G2<=H2, "ORDER", "")
```

शिल्लक तू कधीच हाताने लिहायची नाही, ती आपोआप येते. मोजल्यावर फरक निघाला तरी शिल्लक खोडायची नाही, Moves मध्ये उणे ३१ अशी एक ओळ टाकायची आणि कारणात मोजणी लिहायचं. सहा महिन्यांनी या मोजणीच्या ओळी वेगळ्या काढून बघितल्यास ना, तर कुठली वस्तू सारखी सारखी चुकतेय ते आपोआप समोर येईल, आणि तुझ्या मनातल्या शंकेचं खरं-खोटंही तिथेच होईल.

G रकाना बहुतेक लोक ठेवत नाहीत आणि मग एकच माल दोनदा मागवतात. सोमवारी ऑर्डर दिली, माल बुधवारी येणार, मंगळवारी शीट बघितली तर अजून ORDER च दिसतंय, की परत फोन. त्यामुळे ऑर्डर दिली की G भर, माल आला की Moves मध्ये अधिक कर आणि G शून्य कर. मागवले २४ आणि आले २० तर अधिक २० च, खोकं उघडून मोजून, बिलावरचा आकडा बघून नाही.

आता टूथपेस्ट, कारण ऑर्डरची पातळी तू जिथून काढली आहेस तिथेच गोम आहे. तुझ्या शीटप्रमाणे २८ दिवसांत ६० ट्यूब विकल्या, म्हणून तू दिवसाला साधारण दोन धरलंस आणि पातळी १५ ठेवलीस. पण त्याच २८ दिवसांतले ८ दिवस ट्यूब दुकानात नव्हतीच! नसलेला माल विकला कसा जाणार? म्हणजे ६० ट्यूब २० दिवसांत गेल्या, दिवसाला ३. कमी विक्री दिसली म्हणून कमी मागवलं, कमी मागवलं म्हणून संपलं, संपलं म्हणून पुढच्या महिन्यात विक्री आणखी कमी दिसणार, असं हे चक्र आहे. सरासरी काढताना माल संपलेले दिवस आधी वजा करायचे.

दुसरी गोष्ट, किती दिवसांचा साठा हवा? तू माल यायला लागणारे दोन दिवस धरलेस. पण तुझा सप्लायरचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो. आज तो आला आणि तू म्हणालास राहू दे, अजून आहे, तर पुढची संधी ७ दिवसांनी, आणि माल त्यानंतर २ दिवसांनी. म्हणजे आजच्या शिलकीवर तुला ९ दिवस काढायचेत. ३ गुणिले ९, झाले २७. वर थोडा जास्तीचा साठा, एखादा आठवडा तेजीचा निघतो म्हणून. तो मी अंदाजाने घेत नाही, तुझ्या माल असलेल्या दिवसांतला सगळ्यात जोराचा आठवडा बघते, त्यात २७ ट्यूब गेल्या, नेहमीच्या आठवड्याला २१ जातात, म्हणजे आठवड्याला ६ जास्त, नऊ दिवसांना साधारण ८. तर पातळी ३५.

३५ ऐकून जास्त वाटलं ना? करून बघ. माणूस आला त्या दिवशी शिल्लक ३६ आहे, पातळीच्या एक वर, तू काही मागवलं नाहीस. आठवडा नेहमीसारखा गेला, २१ विकल्या, राहिल्या १५. आता तू ऑर्डर दिलीस, दोन दिवसांत ६ गेल्या, माल आला तेव्हा हातात ९. आणि तेच जर तेजीचा आठवडा असता तर २७ जाऊन ९ राहिल्या असत्या, पुढच्या दोन दिवसांत ८, आणि माल दारात आला तेव्हा फळीवर शेवटची एक ट्यूब. म्हणजे ३५ ही चैन नाहीये, त्या वाईट आठवड्यात जेमतेम पुरतं. तुझ्या १५ च्या पातळीवर काय होत होतं तेही बघ, १६ असताना मागवलं नाहीस की पाच दिवसांत फळी रिकामी आणि पुढचे चार दिवस गिऱ्हाईक परत जाणार. एका वेळी किती मागवायचं तर खोक्यात २४ येतात आणि आठवड्याला २१ जातात, त्यामुळे एक खोकं ठीक आहे. जिथे खोकं आठवड्याच्या विक्रीपेक्षा लहान असेल तिथे दोन घ्यावी लागतील, नाहीतर प्रत्येक वेळी थोडं थोडं मागे पडत जाशील.

हे गणित ८०० वस्तूंसाठी करत बसू नकोस, वेडा होशील. ज्या शंभरेक वस्तू रोज हलतात त्यांच्यासाठी कर. बाकीच्यांसाठी बाबांना विचार, ही वस्तू किती उरली की तुम्ही मागवता, आणि ते जो आकडा सांगतील तो H मध्ये टाक. त्यांच्या डोक्यात पातळ्या आहेतच, त्यांनी त्यांना कधी नाव दिलं नाही एवढंच. दोनेक महिन्यांनी ज्या संपल्या किंवा साचल्या तेवढ्याच बदल. आणि महिन्यातून दोन-चारच विकल्या जाणाऱ्या वस्तूंना सरासरी वगैरे काही लावू नकोस, पातळी १ ठेव, एक उरलं की एक मागव. मुदत लवकर संपणाऱ्या मालाला तर पातळीपेक्षा मुदत मोठी, नऊ दिवसांचा साठा करायचा आणि माल सहा दिवसांत खराब होणारा, असं चालणार नाही, तो माल रोज किंवा दिवसाआड आणणाऱ्याकडूनच घ्यावा लागतो आणि तो रोज संध्याकाळी नुसता डोळ्यांनी बघितला तरी पुरतो.

सुट्या मालाचं थोडं वेगळं. साखरेचं ५० किलोचं पोतं फोडलं की एक किलोच्या ५० पिशव्या भरतील असं शीटला वाटतं. भरत नाहीत. प्रत्येक पिशवीत १० ग्रॅम जरी जास्त गेली (आणि जातेच, कमी देण्यापेक्षा बरं) तरी पन्नास पिशव्यांत अर्धा किलो गेला, थोडी सांडली, पोत्याला चिकटली, शेवटी ४९ होतात. म्हणून पोत्याला वेगळा कोड आणि पिशवीला वेगळा, फोडल्यावर पोतं उणे १ आणि पिशव्या अधिक जेवढ्या खरंच भरल्या तेवढ्या. दरवेळी ४९ होत असतील तर तो तुझा खर्च आहे, भाव ठरवताना धर. कधी ४६ झाल्या तर मात्र आधी काटा तपास. डब्यातून वजनाने विकायच्या गोष्टी महिन्यातून एकदा डब्यासकट वजन करून, डब्याचं वजन वजा करून लिही. डब्याचं वजन डब्यावरच लिहून ठेव म्हणजे दरवेळी रिकामा करावा लागणार नाही. तिथे शंभर-दोनशे ग्रॅमच्या फरकाच्या मागे लागू नकोस.

राहिली मोजणी. दुकान बंद ठेवून नको, रोज सकाळी उघडायच्या आधी दहा वस्तू, वीस मिनिटं. हिशोब असा, जोरात हलणाऱ्या शंभर वस्तू महिन्यातून एकदा, महिन्याचे २५ दिवस धरले तर रोज ४. मधल्या दोनशे तीन महिन्यांतून एकदा, रोज साधारण ३. उरलेल्या चार-पाचशे वर्षातून दोनदा, रोज ३, कधी ४. झालं. जमलं तर वस्तू अशी निवड की तिची ऑर्डर दारात यायच्या आदल्या दिवशी ती मोजली जाईल, तेव्हा साठा सगळ्यात कमी असतो, मोजायलाही कमी.

मोजताना तीन गोष्टी पाळ. आदल्या रात्रीपर्यंतची विक्री आणि आलेला माल Moves मध्ये चढलेला हवा, नाहीतर फरक खोटाच निघेल. मोजायचा कागद जागेच्या क्रमाने काढ, आयटमच्या नावाच्या क्रमाने नाही, म्हणजे B रॅकपासून चालत जाता येतं आणि पुढची-मागची अशी दोन्ही जागांची वेगळी ओळ असल्यामुळे मागची विसरत नाही. आणि कागदावर शीटमधला आकडा छापायचा नाही. माणसाला ११२ दिसले की तो ११२ च मोजतो, मी स्वतः मोजलेत तसे, यात लबाडी नसते, डोळेच तसं करतात. फरक आला तर दुसऱ्याने परत मोजायचं, आणि तरी राहिला तर वर सांगितलं तसं बघायचं, खोक्याची पट आहे का, शेजारच्या वस्तूत उलटा फरक आहे का, पॅक आणि सुट्याची गल्लत आहे का, घरी काय गेलं.

हे मोजायचं काम दादांकडेच दे. बारा वर्षं माल लावणाऱ्या माणसाला कुठल्या खोक्यामागे काय सरकलंय ते तुझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्यांना काही विचारायची हिंमत गोळा करत बसू नकोस, विचारण्यासारखं काही नाहीये. साबणाचं काय झालं ते मात्र त्यांना दाखव, ९ बिलं समोर ठेवून, कारण पॅकचा भाव हाताने मारणारे ते एकटे नसणार, त्यातली काही बिलं तू स्वतः केली असशील. दुकानात फळीवरून उचललं की लिहायला काउंटरवर एक वही दोरीने बांधून ठेव, घरचं, फुटलेलं, मुदत गेलेलं सगळं तिच्यात, आणि पहिली ओळ तूच लिही, चार साबणांचा एक पॅक, जर आईने हो म्हटलं तर.

सगळे कोड एका दमात लावू नकोस. या आठवड्यात फक्त B रॅक घे, जिथे साबण, शाम्पू, टूथपेस्ट आहे. चिठ्ठ्या, कोड, आणि सुरुवातीची मोजणी Moves मध्ये अधिक म्हणून. तो रॅक तीन आठवडे चालव. मोजलेल्या दहा वस्तूंपैकी नऊ बरोबर निघायला लागल्या की पुढचा रॅक. सॉफ्टवेअरचा विचार पाचही रॅक झाल्यावर कर, तेव्हा रात्री विक्री भरायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जात असेल तर घे, आणि घेण्याआधी विकणाऱ्याला दोन गोष्टी करून दाखवायला सांग, चारचा पॅक फोडून सुटे विकणं आणि एका वस्तूला दोन जागा. हे जर त्याला दहा मिनिटांत दाखवता आलं नाही तर तुझी एक्सेल शीट बरी.